पासबुक हरवलं, उतारा हवा

सकाळी ७

डेअरीवर फॅटचं मशिन सुरू झालं की आमच्या अवसरी खुर्दचा दिवस सुरू होतो. डिसेंबरची थंडी आहे, उसाच्या कडेने धुकं आहे आणि बिबट्याची धास्ती आहेच, म्हणून लोक नीट उजाडल्यावरच किटल्या घेऊन बाहेर पडतात. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून पुतण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. बँकेचं काही अडलं की गावातले लोक दुकान उघडायची वाट बघत नाहीत, दुधाच्या रांगेतच गाठतात.

"तात्या, पासबुक गेलं की माझं."

"कुठं गेलं, काका?"

"ते ठाऊक असतं तर गेलं कशाला म्हणलो असतो?"

काकांचं म्हणणं असं, की पीएम किसानचा हप्ता दीड वर्षापासून खात्यावर दिसत नाही. चौकशीला ते तालुक्याला घोडेगावला गेले. तिथे सांगितलं, हप्ता कधीपर्यंत आला आणि कधी थांबला ते कळायला खातेउतारा आणा. परत येताना मंचरला मार्केट यार्डात कांद्याचा भाव बघायला उतरले, आणि कापडी पिशवी तिथेच कुठेतरी राहिली. पिशवीत पासबुक होतं. याला आता आठवडा झाला.

मी लगेच विचारलं, "पिशवीत आणखी काय होतं?" पासबुक हरवलं म्हणणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारायचा. सोबत चेकबुक असेल तर अर्जबिर्ज नंतर, आधी बँकेला सांगून ते चेक थांबवायचे. एटीएम कार्ड असेल तर तेही मागे राहिलेलं असो वा हरवलेलं, पहिल्या तासात बंद करून घ्यायचं. कार्डाच्या पाकिटावर पिन लिहून ठेवणारे लोक या गावात मला माहीत आहेत. काकांच्या पिशवीत फक्त पासबुक आणि आधारची झेरॉक्स होती. काका चेकबुक वापरत नाहीत आणि कार्ड घरात कपाटात आहे.

म्हटलं, दूध घालून झालं की या दुकानावर.

सकाळी ८

काका आले ते थेट मंचरला निघायच्या तयारीने. त्यांना वाटत होतं, काउंटरवर जाऊन "पासबुक द्या" म्हटलं की काम झालं. त्यांना बसवलं आणि एक गोष्ट समजावली, कारण ती कळली नाही तर माणूस नवं पासबुक घेऊन हसत घरी येतो आणि काम तिथेच अडकतं.

डुप्लिकेट पासबुक ही एक गोष्ट आणि जुन्या व्यवहारांचा उतारा ही दुसरी. नवं पासबुक छापताना बँक साधारणपणे पहिल्या ओळीत मागची शिल्लक पुढे ओढते आणि तिथून पुढच्या नोंदी छापत जाते. जुन्या पासबुकात जे छापलेलं होतं ते नव्यात आपोआप येत नाही. काकांना घोडेगावला दाखवायचं आहे ते नेमकं त्या जुन्या भागातलं. म्हणून मागण्याही दोन करायच्या, आणि उताऱ्याला तारखा घालायच्या. "मागचे सगळे व्यवहार द्या" असं लिहिलं तर समोरचा माणूस त्याच्या सोयीने शेवटचे सहा महिने छापून देतो. त्याचं चुकत नाही, आपण सांगितलेलं नसतं.

कोणत्या तारखेपासून मागायचं, हे ठरवायला पीएम किसानच्या हप्त्यांच्या तारखा मांडल्या. सतरावा हप्ता १८ जून २०२४ ला सुटला. अठरावा ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या कार्यक्रमातून, एकोणिसावा २४ फेब्रुवारी २०२५ ला, विसावा २ ऑगस्ट २०२५ ला आणि एकविसावा १९ नोव्हेंबर २०२५ ला. काकांना आठवत होतं की "मोदींचे शेवटचे पैसे" आले तेव्हा पेरणीची गडबड चालू होती. म्हणजे जूनचा हप्ता आला असणार. तर उतारा १ एप्रिल २०२४ पासून आजपर्यंतचा मागायचा. आलेला शेवटचा हप्ता त्यात दिसला पाहिजे आणि न आलेले सगळेही. नुसते न आलेले महिने मागितले तर कार्यालयात विचारतात, याआधी याच खात्यात येत होते कशावरून?

सकाळी ८.४५

मग खाते क्रमांक. पासबुकच नाही तर क्रमांक कुठून आणायचा, याच धास्तीने निम्मे लोक बँकेत जायचं टाळतात. काकांनाही तो पाठ नव्हता, आणि असायची गरजही नाही. आधी घरात शोधायचं. सोसायटीच्या कर्जाच्या कागदांत, कारखान्याच्या ऊसबिलावर, डेअरीच्या हिशेबात, पूर्वी कुठल्या योजनेला जोडलेल्या झेरॉक्सवर तो कुठेतरी असतोच. आमच्या दुकानात तर लोकांनी विसरलेल्या झेरॉक्स इतक्या आहेत की त्यावर एक शाखा उघडता येईल. काकांच्या सुनेने डेअरीच्या फाइलमधून पासबुकाच्या पहिल्या पानाची दोन वर्षांपूर्वीची प्रत काढून फोनवर फोटो पाठवला. त्यावर फोटो, क्रमांक, शाखा आणि ग्राहक क्रमांक, सगळं होतं.

सापडलं नसतं तरी बिघडलं नसतं. शाखेत आधार किंवा पॅनवरून खातं शोधता येतं. फक्त अर्जात ओळ वेगळी लिहावी लागते: "खाते क्रमांक आठवत नाही, कृपया आधारवरून शोधून द्यावा." आणि मग माणसाने स्वतः जावं लागतं, मुलाला किंवा भाच्याला पाठवून चालत नाही.

सकाळी ९.१५

आता अर्ज. मी हाताने लिहितो. टाइप करायला पुतण्या आहे, पण हाताने लिहिलेल्या अर्जावर काकांना स्वतःचं नाव वाचता येतं. काही बँकांचा याचा छापील फॉर्म असतो. शाखेने तो दिला तर तो भरायचा आणि आपला अर्ज त्याला जोडायचा, कारण फॉर्मात उताऱ्याच्या तारखा लिहायला बहुतेक जागाच नसते.

लिहिलं ते असं:

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे नाव), शाखा मंचर,
ता. आंबेगाव, जि. पुणे.

विषय : पासबुक हरवल्याने डुप्लिकेट पासबुक व खातेउतारा मिळणेबाबत.
बचत खाते क्र. ………………, ग्राहक क्र. ………………

महोदय,

वरील बचत खाते माझ्या एकट्याच्या नावे आपल्या शाखेत आहे. या खात्याचे पासबुक साधारण आठवड्यापूर्वी मंचर मार्केट यार्ड परिसरात हरवले. शोध घेऊनही ते सापडले नाही. ते मी कोणाकडे गहाण अथवा तारण ठेवलेले नाही.

तरी विनंती की,

१) हरवलेल्या पासबुकाची नोंद आपल्या दप्तरी घ्यावी व ते दाखवून कोणी रक्कम काढण्यास आल्यास व्यवहार होऊ देऊ नये.

२) मला डुप्लिकेट पासबुक द्यावे.

३) दि. १ एप्रिल २०२४ पासून आजपर्यंतचा संपूर्ण खातेउतारा, प्रत्येक जमा-नावे नोंदीच्या तपशिलासह, प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का व सही करून द्यावा. हा उतारा पीएम किसान हप्त्याच्या तक्रारीसाठी तालुका कार्यालयात द्यावयाचा आहे.

यासाठीचे नियमानुसार शुल्क माझ्या खात्यातून वळते करावे. जुने पासबुक सापडल्यास ते शाखेत जमा करीन.

सोबत : आधार कार्डाची स्वसाक्षांकित प्रत, पॅन कार्डाची प्रत, एक फोटो, जुन्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स.

आपला विश्वासू,
(खात्यावर आहे तशी सही)
नाव, पत्ता, मोबाईल, दिनांक

पहिली मागणी लोकांना फालतू वाटते. "पासबुकावर कोण पैसे काढतंय आता?" काका म्हणाले. पण आपल्याकडे अजून निम्मे लोक स्लिप भरूनच पैसे काढतात, आणि स्लिपने पैसे काढायला पासबुक सोबत लागतं. म्हणजे पिशवी ज्याच्या हाती पडली त्याच्याकडे त्या जोडीतली एक वस्तू आधीच आहे. दुसरी आहे सही, आणि ती काउंटरवर तपासतात. गर्दीच्या दिवशी किती बारकाईने तपासतात, हे मी आतून पाहिलेलं आहे. नोंद घेतली की खात्यावर तसा शेरा पडतो आणि जुनं पासबुक घेऊन कोणी आलं तर काउंटरवरचा माणूस थबकतो.

"प्रत्येक नोंदीच्या तपशिलासह" हे शब्दही मुद्दाम घातले. पूर्वी पासबुकात "टू कॅश", "बाय ट्रान्स्फर" एवढंच छापायचे, मग पैसे डेअरीचे आहेत की सरकारचे हे खातेदाराने ओळखायचं. रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्ये बँकांना नोंदींत पुरेसा तपशील देण्याची सूचना दिली आहे. तरीही अर्जात एक ओळ असली की मागायला तोंड राहतं.

सहीपाशी मात्र पंचाईत झाली. काकांनी खातं उघडलं तेव्हा पूर्ण नाव लिहून सही केली होती, आता बोटं थरथरतात म्हणून ते नुसतं आडनाव लिहितात. अर्ज घेऊन दुसरं कोणी गेलं असतं तर "सही जुळत नाही" म्हणून परत आला असता. काका स्वतः मूळ आधार घेऊन गेले की अधिकाऱ्यासमोर सही होते आणि जमलं तर तिथेच नव्या सहीचा नमुनाही देता येतो. खातं दोघांच्या नावाने असतं तर आणखी एक गोष्ट पाहावी लागली असती. "दोघांपैकी कोणीही" असं असेल तर एकाची सही पुरते. "दोघांनी मिळून" असेल तर दोघांचीही सही लागते, भांडण असलं तरी.

काकांनी जाता जाता विचारलं, "मोबाईल नंबर बदलायचाय तेही यातच लिहा ना." बँकेत त्यांचा जुना नंबर आहे, दोन वर्षांपूर्वी बंद पडलेला. खात्यात पैसे आल्या-गेल्याचा एकही एसएमएस त्यांना मिळत नाही तो याचमुळे. मी ते या अर्जात घातलं नाही. नंबर बदलायचा फॉर्म वेगळा असतो आणि तो वेगळ्या टेबलावर जातो. एका कागदात तीन टेबलांची कामं घातली की कागद तिन्ही टेबलांवर पडून राहतो. वेगळा कागद दिला हाती.

अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेऊन परत आणायची. ही पोहोच. काकांना तिचं महत्त्व पटलेलं दिसलं नाही, पण त्यांनी ती घडी करून टोपीत ठेवली.

सकाळी ११

कॉलेज सुटल्यासारखी पोरं येतात. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन दोन्ही आमच्याच गावात असल्याने दुकानाचं निम्मं पोट या पोरांवर आहे. आज एक नांदेडकडचा मुलगा आला. त्याचंही पासबुक हरवलेलं, शिष्यवृत्तीच्या फाइलला पासबुक हवंय. त्याला तोच अर्ज लिहून देणं सोपं होतं, पण त्याची शाखा गावाकडे, शेकडो किलोमीटरवर कुठेतरी. त्याला नेमकं काय मागितलंय ते विचारलं तर फक्त नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी दिसणारं पान. ते बँकेच्या ॲपमधून काढलेल्या उताऱ्याच्या पहिल्या पानावरही असतं. पीडीएफला पासवर्ड होता, त्याच्या जन्मतारखेचा. उघडलं, छापलं, दहा रुपये. कॉलेजच्या टेबलावर शिक्काच हवा म्हणाले तर त्याच बँकेच्या मंचरच्या शाखेत विचारून बघ म्हटलं. काही बँका दुसऱ्या शाखेतून उतारा देतात, काही देत नाहीत.

दुपारी १२.२०

काकांचा फोन. कोणाच्या तरी मोबाईलवरून, मागे गर्दीचा आवाज.

"तात्या, इथं बाई म्हणत्यात पाचशेचा स्टॅम्प आना आनि हमीपत्र करून द्या."

ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यात काउंटरवरच्या बाईंचा दुष्टावा नसतो. मुदत ठेवीची पावती हरवली किंवा डिमांड ड्राफ्ट हरवला तर हमीपत्र लागतं, कारण तो कागदच पैशाचा असतो. पासबुक तसं नाही. ती खात्याची फक्त नक्कल आहे, शिल्लक बँकेच्या पुस्तकात असते. पण नवीन माणूस टेबलावर असला की सगळ्याच हरवलेल्या वस्तूंना एकच नियम लावतो. त्यात ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभर आणि दोनशेच्या जागी पाचशेचा स्टॅम्प आला, त्यामुळे ही चूक आता पाचशेला पडते.

"वाद घालू नका काका. पासबुकाला हमीपत्र लागतं असं बँकेच्या कुठल्या सूचनेत आहे तेवढं दाखवा म्हणा, आणि लागतच असेल तर बँकेचा छापील नमुना द्या म्हणा. नाहीतर मोठ्या साहेबांना भेटा."

काकांनी शेवटचा उपाय आधी केला. ते थेट व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेले. पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन आला: छापील फॉर्म भरून घेतला, स्टॅम्प नको. पासबुकाचे शंभर आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी असे एकशे अठरा रुपये खात्यातून कापणार. उताऱ्याचं शुल्क पानांवर. प्रत्येक बँकेचे हे दर वेगळे असतात आणि शाखेतल्या फलकावर लावलेले असतात. ते आधी बघून जावं, म्हणजे "एवढे का?" हा वाद तिथे होत नाही.

दुपारी २.३०

जेवून आलो तर वरच्या आळीतले एक गृहस्थ बसलेले. त्यांनाही उतारा हवाय, पण तऱ्हा निराळी. भावाभावांत जमीन वाटपाचा दावा चालू आहे. वडिलांच्या खात्यातून त्यांनी विहिरीसाठी पैसे दिले होते, ते कोर्टात दाखवायचे आहेत. जुनं पासबुक घराच्या दुरुस्तीत कुठेतरी गेलं.

काकांचा अर्ज इथे चालत नाही, हे सांगावं लागलं. तालुका कार्यालयाला सही-शिक्क्याचा साधा उतारा पुरतो. कोर्टात द्यायचा असेल तर बँकेच्या पुस्तकाची प्रमाणित प्रत लागते, ज्यावर बँकेने लिहून दिलेलं असतं की ही नोंद आमच्या नेहमीच्या पुस्तकातून, नेहमीच्या कामकाजात झालेली आहे आणि ते पुस्तक आमच्याच ताब्यात आहे. हा कायदा १८९१ चा, बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट. आता पुस्तकं संगणकात गेली म्हणून त्यात पुढे कलम २अ आलं. छापील प्रतीसोबत शाखाप्रमुखाचा एक आणि संगणक सांभाळणाऱ्याचा एक असे दाखले द्यावे लागतात. म्हणून अर्जाच्या विषयातच "बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, कलम २अ नुसार दाखल्यासह प्रमाणित उतारा" असं लिहायचं. नुसता "खातेउतारा" लिहिला तर नुसता उतारा मिळतो आणि वकील तो परत पाठवतो.

मग विचारलं, विहीर कधीची? म्हणाले, २०१३ ची.

तिथे माझा हात थांबला. बँकांना आपली कागदपत्रं किती वर्षं जपायची याचे १९८५ चे नियम आहेत. खातेवही, म्हणजे लेजर, आठ वर्षं. पैशाच्या गैरव्यवहारविरोधी कायद्याप्रमाणे व्यवहाराच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्या लागतात. म्हणजे २०१३ ची नोंद द्यायला बँक आज बांधील नाही. ती मिळणारच नाही असं मात्र नाही. संगणकीकरणानंतरच्या नोंदी पुष्कळदा शिल्लक असतात, शाखेच्या मशिनमध्ये दिसत नसल्या तरी मुख्य कार्यालयाकडून काढून आणता येतात. म्हणून अर्जात वर्षभराचा उतारा मागू नका, विहिरीच्या पैशाचा एकच महिना मागा. जुन्या नोंदी शोधणाऱ्याला तारीख जितकी नेमकी द्याल तितकं काम होण्याची शक्यता वाढते. गृहस्थांना महिना आठवला नाही. बोअरवाल्याची पावती शोधून बघतो म्हणाले. ज्या खात्यात वडिलांचं नाव आहे ते खातं त्यांच्या पश्चात कोणाचं झालं, हाही प्रश्न होता. खातेदार हयात नसेल तर वारसाने अर्ज करताना मृत्यूचा दाखला आणि आपलं नातं दाखवावं लागतं. त्याचे कागद वेगळे. ते उद्यावर ठेवलं.

दुपारी ४

काका परतले. हातात डुप्लिकेट पासबुक, पहिल्या पानावर तसा शिक्का मारलेला, आणि सात पानांचा उतारा. पोहोचही टोपीतून निघाली.

"काय दिसतंय सांगा. मला नुसत्या मुंग्या दिसत्यात."

उतारा वाचायला वरून सुरुवात करायची नसते. आधी पानांचा क्रम बघायचा, मग प्रत्येक पानाच्या तळाची शिल्लक पुढच्या पानाच्या डोक्यावर जुळते का ते. जुळली नाही तर मधलं पान राहिलंय. काकांचं जुळत होतं. सातही पानांवर शिक्का होता, सही मात्र सहांवरच. चौथं पान विनासहीचं. "जाऊ द्या की एक पान," असं काका म्हणाले, पण नेमकं २०२४ चा शेवट त्याच पानावर होता. उद्या परत जावं लागणार हे तेव्हाच ठरलं.

मग नोंदी. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल, मधेच कारखान्याची रक्कम, खताच्या दुकानाला गेलेले पैसे. या गर्दीत मी पेन्सिलने फक्त दोन हजारांच्या जमा नोंदी शोधत गेलो. १८ जून २०२४ ला एक सापडली, पीएम किसानच्या नावासकट. त्याखाली मी रेघ मारली. मग ५ ऑक्टोबर आणि त्याच्या पुढचे चार-पाच दिवस, कारण हप्ता सुटला त्याच दिवशी प्रत्येकाच्या खात्यात पडतो असं नाही. काही नाही. फेब्रुवारी २०२५ चा शेवटचा आठवडा, काही नाही. ऑगस्टचा पहिला आठवडा, काही नाही. १९ नोव्हेंबरनंतर डेअरीचं बिल होतं, हप्ता नव्हता. चार हप्ते, आठ हजार रुपये. शिवाय राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसेही जून २०२४ नंतर कुठे दिसले नाहीत.

काका ताडकन उठले. "म्हंजे खाल्ले की!"

"थांबा. कुणी खाल्ले ते आधी बघू."

दोन्ही योजनांचे पैसे एकाच वेळी, एकाच महिन्यानंतर थांबावेत, यात मला गडबड वेगळी दिसत होती. ई-केवायसी राहिलं किंवा जमिनीची नोंद जोडलेली नसली तर हप्ता अडतो, पण मग लाभार्थीच्या माहितीत तसं दिसतं. पुतण्याने पीएम किसानच्या संकेतस्थळावर बघितलं तर काकांचं ई-केवायसी, जमीन, आधार, तिन्ही ठीक. म्हणजे सरकारच्या लेखी पैसे गेलेत.

सायंकाळी ५.१०

मग myaadhaar.uidai.gov.in उघडलं. आधारला काकांचा चालू नंबर जोडलेला आहे, त्यामुळे ओटीपी त्यांच्या फोनवर आला. तिथे "Bank Seeding Status" म्हणून एक पर्याय आहे. त्यात आपलं आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे आणि ते शेवटचं कधी बदललं ते दिसतं. काकांच्या मंचरच्या बँकेचं नाव तिथे नव्हतं. दुसरंच नाव होतं आणि तारीख ऑगस्ट २०२४ ची.

काका बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हां. विम्याचं."

ऑगस्टात गावात कोणीतरी अपघात विमा काढायला बसलं होतं. वर्षाला काही शे रुपयांत लाखोंचं संरक्षण, पण त्यासाठी त्यांच्याकडे खातं हवं. काकांनी अंगठा दिला, खातं उघडलं, विमा निघाला. त्याच वेळी आधार जोडणीच्या रकान्यात बरोबरची खूण झाली असणार, काकांच्या लक्षातही नसताना. आपलं आधार कितीही बँकांत दिलेलं असो, सरकारचे थेट लाभाचे पैसे एकाच खात्यात जातात, सगळ्यांत शेवटी जिथे जोडणी झाली तिथे. बँकांमधल्या या नोंदवहीला मॅपर म्हणतात. अर्जात भरलेला खाते क्रमांक त्यापुढे चालत नाही. त्यामुळे जूनचा हप्ता मंचरला आला आणि ऑक्टोबरपासूनचे सगळे विम्याच्या खात्यात साचत गेले असणार.

आता घोडेगावला तक्रार देण्यात अर्थ उरला नव्हता. पण उतारा वाया गेला नाही. जून २०२४ ची ती एक ओळ आणि नंतरची मोकळी जागा नसती तर आम्ही अजून ई-केवायसीच्याच मागे लागलो असतो.

"मग ते पैसे मंचरला वळवायचे?"

वळवता येतात. मंचरच्या शाखेत आधार जोडणीची संमती पुन्हा लिहून दिली की पुढचे हप्ते तिकडे येतील. साचलेले मात्र आपोआप हलणार नाहीत, ते त्या खात्यातूनच काढावे लागतील. उद्या काकांना तशीही मंचरला चक्कर आहे, चौथ्या पानावर सही घ्यायला. आता ती सही कोणाला दाखवायची नाही, तरी काका म्हणाले, पैसे दिलेत, पान पुरं पाहिजे. त्यात मला त्यांचं पटलं. संमतीचा कागद लिहून दिला, मोबाईल नंबराचा सकाळचा कागद काउंटरवर द्यायचा राहिला होता तोही सोबत पिनने लावला.

सायंकाळी ६.३०

शटर अर्धं खाली घेतलं तेव्हा काका पुन्हा दारात.

"तात्या, त्या विम्याच्या खात्याचं पासबुक कुठं असंल?"

"तुम्हाला दिलं होतं का पासबुक?"

"नाय. एक कार्ड दिलं होतं, चौकटीचौकटीचं. ते मी पोराला दिलं. पोरगं चाकणला."

"मग त्याला फोन लावा आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा," म्हटलं. "आणि कुणालाही ओटीपी सांगू नको म्हणावं, मलासुद्धा."